पूर येतो, ऊस डोलतो, तरी शिरोळ निमशुष्क कसं? हवामान आलेख वाचायची रीत

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जे आकडे सांगितले ते कानावरून निसटतात, म्हणून कोल्हापूरचा तक्ता खाली दिलाय. ऐकताना समोर ठेवा.)

आजचा विषय माझ्या भाचीमुळे सुचला. ती कुरुंदवाडला असते, यंदा दहावीला आहे. परवा रात्री तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर सराव पेपरचा फोटो पाठवला. भूगोलाच्या प्रश्नात तीन हवामान आलेख होते, ठिकाणांची नावं नव्हती. आलेख बघून प्रदेशाचा प्रकार ओळखायचा होता. तिची दोन उत्तरं चुकली होती. नंतर वर्गात सरांनी नावं सांगितली, तेव्हा ती आणखीच गोंधळली. कारण एक आलेख गगनबावड्याचा होता, एक कोल्हापूर शहराचा आणि एक तिच्याच शिरोळ तालुक्याचा.

गगनबावड्याला तिनं लिहिलं होतं ‘विषुववृत्तीय’. शिरोळच्या आलेखाचं उत्तर होतं ‘निमशुष्क’, म्हणजे जवळपास कोरडा प्रदेश. फोटोखाली तिचा मेसेज होता: “मामा, आमच्या घरात दोनदा पुराचं पाणी शिरलं. एकोणीसला आणि एकवीसला. आणि सर म्हणतात आम्ही कोरड्या प्रदेशातले. हे कसं काय?”

खरं सांगू, प्रश्न एकदम रास्त आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथं धोक्याची पातळी आहे ४३ फूट. तेव्हा शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं रिकामी करावी लागली. हे ज्या पोरीनं डोळ्यांनी बघितलंय, तिला ‘तुझ्याकडे पाऊस कमी’ म्हटल्यावर पटणार कसं? तर आज हे तीन आलेख आपण एकेक करून वाचू. तिघांत मिळून साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता आहे, एकच जिल्हा आहे, आणि तरी प्रकार तीन निघतात.

आधी काय बघायचं, आणि कशाकडे घाई करायची नाही

हवामान आलेखात दोन गोष्टी एकावर एक काढलेल्या असतात. रेषा असते ती तापमानाची, आणि खालून उभे राहिलेले स्तंभ असतात ते पावसाचे. खाली जानेवारी ते डिसेंबर असे बारा महिने. एका बाजूच्या अक्षावर अंश सेल्सिअस, दुसऱ्या बाजूला मिलिमीटर.

बहुतेक जण पहिल्यांदा सगळ्यात उंच स्तंभाकडे बघतात. इथंच पाय घसरतो. कारण प्रत्येक आलेखाचं प्रमाण वेगळं असू शकतं. गगनबावड्याच्या आलेखात पावसाचा अक्ष २००० मिमीपर्यंत जात असेल आणि शिरोळच्या आलेखात फक्त १५० पर्यंत. कागदावर दोन्हीकडे जुलैचा स्तंभ बोटभर उंच दिसतो. आकार सारखा, पाऊस मात्र दहापटीहून जास्त. म्हणून पेन्सिल आधी अक्षावर ठेवायची, आकडे वाचायचे आणि मगच स्तंभांकडे जायचं.

त्यानंतर माझा क्रम ठरलेला आहे. आधी तापमानाची रेषा, मग पावसाचे महिने, आणि वर्षाची बेरीज सगळ्यात शेवटी. का, ते कोल्हापूर शहराच्या आकड्यांवर बघू. सरावासाठी मी आकडे गोल केलेत. हवामान खात्याच्या तक्त्यात ते थोडे पुढेमागे असतील, पण चित्र हेच आहे.

| महिना | सरासरी तापमान (°से.) | पाऊस (मिमी) |
|---|---|---|
| जानेवारी | २२ | ० |
| फेब्रुवारी | २४ | ० |
| मार्च | २७ | ५ |
| एप्रिल | २९ | २० |
| मे | २८ | ५० |
| जून | २६ | १७० |
| जुलै | २४ | ३१० |
| ऑगस्ट | २४ | २०० |
| सप्टेंबर | २५ | १२० |
| ऑक्टोबर | २५ | ११० |
| नोव्हेंबर | २३ | २० |
| डिसेंबर | २२ | ५ |

आता कुणीतरी म्हणेल, अहो, एप्रिलमध्ये इथं पारा ३७-३८ ला जातो, आणि तुम्ही २९ म्हणताय? बरोबर आहे. ३७-३८ हे दुपारचं कमाल तापमान. आलेखात बहुतेक वेळा महिन्याची सरासरी असते, रात्रीचा गारवा धरून. प्रश्नात काय दिलंय, कमाल की सरासरी, हे शीर्षकात लिहिलेलं असतं. ते वाचायला विसरू नका.

तापमानाची रेषा काय सांगते

पहिला प्रश्न: सगळ्यात थंड महिना कोणता आणि किती? इथं डिसेंबर-जानेवारी, २२ अंश. सगळ्यात थंड महिनासुद्धा १८ च्या वर आहे, म्हणजे प्रदेश उष्ण कटिबंधातला. ही १८ अंशांची रेघ व्लादिमिर कोपेन या हवामानशास्त्रज्ञाची. त्यानं हवामानाचे प्रकार ठरवताना झाडांकडे बघितलं. बारा महिने ऊब लागणारी झाडं कुठपर्यंत टिकतात, यावरून ही रेघ आली. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात त्याचं वर्गीकरण आहे, आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ते लागतंच.

दुसरा प्रश्न: थंडी कधी येते? डिसेंबर-जानेवारीत येत असेल तर उत्तर गोलार्ध. जून-जुलैत येत असेल तर दक्षिण गोलार्ध. हे आत्ता साधं वाटेल, पण पुढं एका ठिकाणी यावरच मार्क जातात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. रेषा एप्रिलला २९ वर चढते आणि मग जूनपासून खाली येते. जुलैत २४. अरे, जुलै म्हणजे उत्तर गोलार्धात ऐन उन्हाळ्याचा महिना. दिल्लीच्याही उत्तरेला जाऊन युरोपात बघितलं तर तिथं जुलैच सगळ्यात गरम. मग कोल्हापुरात जुलै एप्रिलपेक्षा ५ अंशांनी गार कसा? कारण ढग. जूनमध्ये मान्सून येतो, आभाळ भरतं, ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, ओल्या जमिनीतलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. म्हणून रेषेचं शिखर पावसाच्या आधी येतं आणि स्तंभ उभे राहिले की रेषा वाकते. पाऊस संपल्यावर ती बघा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत जराशी वर येते. हीच आपली ऑक्टोबर हीट.

रेषेचं शिखर एप्रिल-मेमध्ये आणि लगेच खाली स्तंभांची गर्दी, हे दिसलं की समजायचं, मोसमी वाऱ्याचा प्रदेश. नावं झाकली असली तरी ही खूण लपत नाही. तिन्ही आलेखांत ती होती.

बेरीज शेवटी का

आता पावसाचे महिने. कोल्हापुरात जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत ९१० मिमी पडतो. वर्षाची बेरीज १०१०. म्हणजे शंभरातले नव्वद. डिसेंबर ते मार्च जवळपास कोरडे. तर प्रदेश उष्ण, पाऊस उन्हाळी सहामाहीत, आणि कोरडा ऋतू स्पष्ट.

पण यात अजून एक गोष्ट ठरायची राहिली. हा पाऊस पुरेसा आहे का? इथं बेरीज कामाला येते, पण एकटी नाही. तापमानाच्या जोडीनं. गरम हवेत पाणी लवकर उडून जातं, म्हणून तेवढाच पाऊस गरम गावाला कमी पडतो आणि थंड गावाला पुरतो. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिमी पाऊस होतो, आणि तिथं गवत हिरवंगार असतं. तेवढाच पाऊस आपल्याकडे पडला तर ज्वारी बी बेतानंच येते.

कोपेनच्या पद्धतीत याचा सोपा हिशोब आहे. वर्षाचा ७० टक्के किंवा जास्त पाऊस उन्हाळी सहामाहीत, म्हणजे आपल्याकडे एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पडत असेल, तर वार्षिक सरासरी तापमानाला २० नं गुणायचं आणि २८० मिळवायचे. कोल्हापूरची वार्षिक सरासरी २५ धरू. २५ गुणिले २० म्हणजे ५००, अधिक २८०, झाले ७८० मिमी. पाऊस याच्या खाली असेल तर प्रदेश कोरड्या गटातला. त्याच्याही निम्म्याच्या खाली, म्हणजे ३९० च्या खाली गेला तर वाळवंट. ३९० ते ७८० मध्ये असेल तर निमशुष्क.

कोल्हापूरचे १०१०, म्हणजे ७८० च्या वर. कोरडं नाही. उष्ण, कोरडा ऋतू असलेलं, गवत आणि पानझडी झाडांचं हवामान. कोपेनच्या भाषेत एडब्ल्यू, आपल्या पुस्तकात सॅव्हाना किंवा उष्ण कटिबंधीय गवताळ प्रकार. पहिला आलेख झाला.

गगनबावडा: पाऊस भरपूर, तरी विषुववृत्तीय नाही

आता भाचीची पहिली चूक. गगनबावडा कोल्हापूरपासून ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी काठावर. पलीकडं करूळ घाट उतरला की कोकण. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा इथं भिंतीला अडतो, वर चढतो, चढताना गार होतो आणि जवळचं पाणी सोडून देतो. वर्षाला पाच हजार मिमीच्या पुढं पाऊस. आपण हिशोबाला ५५०० धरू.

एवढी बेरीज बघून तिनं लिहिलं, विषुववृत्तीय. का लिहिलं ते कळतं. डोक्यात बसलेलं असतं, खूप पाऊस म्हणजे विषुववृत्त. पण सिंगापूरचा आलेख काढून बघा. ते विषुववृत्ताला खेटून आहे, आणि तिथं वर्षाचा पाऊस २००० ते २५०० मिमीच्या दरम्यान. म्हणजे गगनबावड्याच्या निम्माही नाही! फरक बेरजेत नाहीच, फरक वाटणीत आहे. सिंगापुरात सरासरी बघितली तर बाराही महिने स्तंभ उभे असतात. आणि तापमानाची रेषा जवळपास आडवी, सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड महिन्यात जेमतेम दोन अंशांचा फरक. गगनबावड्यात जून ते सप्टेंबर पावसाचा धिंगाणा आणि जानेवारी-फेब्रुवारीत स्तंभच नाही. तापमानाची रेषाही कोल्हापूरसारखीच एप्रिलला चढून जुलैला वाकते.

कोपेनची अट साधी आहे: विषुववृत्तीय म्हणायचं तर सगळ्यात कोरड्या महिन्यातही ६० मिमी पाऊस हवा. गगनबावडा तिथंच बाद. मग ते कोल्हापूरसारखं सॅव्हाना का? तेही नाही. इथं आणखी एक हिशोब आहे. वर्षाच्या पावसाला २५ नं भागा, आणि उत्तर १०० मधून वजा करा. सगळ्यात कोरड्या महिन्याचा पाऊस ६० पेक्षा कमी, पण या आकड्याएवढा किंवा जास्त असेल, तर प्रकार मोसमी. कोल्हापूरला १०१० भागिले २५ म्हणजे सुमारे ४०, शंभरातून गेले, उरले ६०. कोरड्या महिन्यात शून्य. शून्य हे ६० च्या खाली, म्हणून सॅव्हाना. गगनबावड्याला ५५०० भागिले २५ म्हणजे २२०. शंभरातून २२० गेले की उणे १२०. शून्य हे उणे १२० पेक्षा जास्त. म्हणून मोसमी.

गणित बाजूला ठेवा, अर्थ बघा. पावसाळ्यात जमीन एवढी भिजते की चार-पाच कोरडे महिने ती झाडांना पोसू शकते. म्हणून कोरडा ऋतू असूनही घाटात दाट हिरवं जंगल टिकतं. तोंडपाठ ठेवायला सोपं: उष्ण प्रदेशात एखादा महिना पूर्ण कोरडा असेल, तर मोसमी म्हणायला वर्षाला २५०० मिमी तरी पाऊस हवा.

शिरोळ: पाऊस कुठं पडतो आणि पाणी कुठं जातं

आता भाचीचा खरा प्रश्न. सह्याद्री ओलांडलेला वारा पूर्वेला उतरतो. पाणी बरंचसं सोडून आलेला, आणि उतरताना हवा तापते, ढग विरळ होतात. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. म्हणून गगनबावड्याहून कोल्हापूर आणि कोल्हापूरहून शिरोळ, पाऊस उतरत जातो. शिरोळला वर्षाला पाचशे-सहाशे मिमी. ५५० धरा. तापमान कोल्हापूरएवढंच धरलं तर तीच ७८० ची रेघ. ५५० त्याच्या खाली आणि ३९० च्या वर. निमशुष्क. सरांचं बरोबर होतं.

मग घरात पाणी आलं ते कुठलं? ते शिरोळच्या आभाळातलं नव्हतं. कुंभी गगनबावडा तालुक्यात उगम पावते. कासारी, तुळशी, भोगावतीसुद्धा पश्चिमेच्या डोंगरातल्याच. या मिळून पंचगंगा होते, आणि ती जाऊन नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. नृसिंहवाडी कुठल्या तालुक्यात? शिरोळ. कुरुंदवाड तिथंच शेजारी. म्हणजे घाटात पडलेला पाच हजार मिमीचा पाऊस आणि वरून येणारी कृष्णा, दोन्हीचं पाणी त्या सपाट तालुक्यात येऊन थांबतं. २०१९ ला आणि २०२१ ला तेच झालं. शिरोळला रिमझिम असतानाही पाणी चढू शकतं, ते यामुळं.

ऊसाचंही तसंच. भाची म्हणाली, “मग एवढा ऊस कसा?” तो नदीवरच्या उपसा सिंचनावर. पाऊस कमी आहे म्हणून तर मोटर लागते. हवामान आलेखात फक्त वरून पडणारं पाणी मोजलेलं असतं. नदीतून आलेलं नाही, मोटरीनं उचललेलं नाही. म्हणून प्रश्नात आलेख दिला असेल तर त्या गावाबद्दल डोक्यात जे चित्र आहे ते जरा बाजूला ठेवायचं.

आणखी एक. आलेख सहसा तीस वर्षांच्या सरासरीवर असतो. एका वर्षाचा, समजा २०१९ चा, तक्ता घेऊन प्रदेश ठरवायला गेलात तर उत्तर बिघडू शकतं. आणि शिरोळ-हातकणंगलेच्या मधे कुठंतरी ७८० ची रेघ ओलांडली जाते म्हणजे तिथं पाटी लावलीय असं नाही. हवामान हळूहळू बदलत जातं, रेघ आपण आखलेली.

जून-जुलैचा चकवा

मघाशी म्हटलं होतं, थंडी कधी येते ते बघा. त्याचं कारण पर्थ, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर. त्याच्या आलेखात सगळ्यात उंच स्तंभ जून-जुलैत, महिन्याला दीडशे मिमीच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत स्तंभ अगदी बुटके. वर्षाचा पाऊस सातशे-आठशे. कोल्हापूरचा पोरगा हे बघतो आणि डोळे झाकून लिहितो, मोसमी. मीही शाळेत असंच लिहिलं होतं. शून्य मार्क.

आता रेषा बघा. जानेवारी-फेब्रुवारीत २४-२५ अंश, जुलैत १३. सगळ्यात थंड महिना जुलै, म्हणजे दक्षिण गोलार्ध. म्हणजे तिथं जून-जुलै हा हिवाळा, आणि पाऊस हिवाळ्यात पडतोय. उन्हाळा कोरडा, हिवाळा ओला: भूमध्य सागरी हवामान. शिवाय १३ हे १८ च्या खाली, त्यामुळं उष्ण कटिबंधाचा प्रश्नच नाही. महिन्याच्या नावावर जाऊ नका. पाऊस ‘जूनमध्ये’ पडतो की नाही हे विचारू नका, तो गरम ऋतूत पडतो की थंड ऋतूत, हे विचारा.

उत्तर कसं लिहायचं

नुसतं ‘निमशुष्क’ लिहिलं तर परीक्षकाला कळत नाही की तुम्ही ओळखलं की ठोकलं. आलेखातले आकडे पुरावा म्हणून द्या. शिरोळसाठी असं लिहिता येईल: “सर्वांत थंड महिन्याचे तापमान १८° से. पेक्षा जास्त असल्याने प्रदेश उष्ण आहे. तापमान एप्रिलमध्ये सर्वाधिक असून पावसाबरोबर ते कमी होते व बहुतेक पाऊस जून ते ऑक्टोबरमध्ये पडतो, म्हणून पाऊस मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. वार्षिक पाऊस सुमारे ५५० मिमी असून तापमानाच्या मानाने तो अपुरा आहे, म्हणून प्रदेश निमशुष्क आहे.” तीन वाक्यं. पहिल्यात तापमान, दुसऱ्यात पावसाची वेळ, तिसऱ्यात बेरीज. आपण वाचलं त्याच क्रमानं.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मामा, आमच्याकडे पूर येणार का हे बघायला गगनबावड्याचा आलेख बघायचा?” अगदी तेच. जुलैमध्ये कुरुंदवाडची माणसं आपल्या डोक्यावरच्या आभाळापेक्षा पश्चिमेकडं जास्त बघतात, ते उगाच नाही.

पुढच्या भागापर्यंत एक काम. चेन्नईचा आलेख शोधा. तिथला सगळ्यात उंच स्तंभ जुलैत नाही, नोव्हेंबरच्या आसपास सापडेल. रेषा कधी चढते, स्तंभ कधी उभे राहतात, आणि तो वारा कुठल्या दिशेनं समुद्रावरून येत असेल, हे वहीत लिहून ठेवा. भेटू पुढच्या आठवड्यात.